सतराशे नव्वदचा पुणेरी बाजार आणि मंगळुरी कौल

पुढचा उतारा आधी वाचा. शके १७१२, म्हणजे इसवी सन १७९० च्या श्रावणातील पुण्याचे हे वर्णन आहे. पेशवाईवरच्या कादंबऱ्यांत आणि मालिकांत जसे आढळते, तसे ते मुद्दाम रचले आहे.

"श्रावणातली संध्याकाळ. बुधवार पेठेतील दुकानांच्या लाल, चपट्या कौलांवरून पाणी निथळत होते. चिखलात काळ्या छत्र्यांची दाटी झाली होती. माळणींनी कंदील पेटवले, तसा टोपल्यांतल्या लालभडक टोमॅटोंवर आणि हिरव्या मिरच्यांवर उजेड चमकू लागला. कोकणातून आदल्या दिवशी नारळ भरून निघालेल्या बैलगाड्या रस्त्यात खोळंबल्या होत्या. वाण्याने षट्कोनी लोखंडी वजन पारड्यात टाकून शेरभर तांदूळ तोलले. झगझगीत जांभळ्या लुगड्यातल्या बाईने रुपया पुढे केला. वाण्याने तो न पाहताच गल्ल्यात टाकला. पाच मिनिटांत सौदा आटोपला."

यात मोबाइल नाही, प्लास्टिकची पिशवी नाही, विजेची तारही नाही. असे दोष शाळकरी मुलाच्याही ध्यानात येतात. वरचा उतारा मात्र बहुतेकांना खरा वाटेल, कारण त्यातली प्रत्येक वस्तू 'जुनी' आहे. अडचण एवढीच, की ती १७९० पेक्षा बरीच नवी आहे.

प्रारंभ कौलापासून करावा. चपटे, खाचांनी एकमेकांत अडकणारे, भट्टीत एकसारखे भाजलेले लाल कौल म्हणजे मंगळुरी कौल. बासेल मिशनने मंगळुरास पहिला कौलांचा कारखाना १८६५ साली काढला. त्यानंतर समुद्रमार्गे आणि रेल्वेने ही कौले पश्चिम किनाऱ्यावर व घाटमाथ्यावर पसरली. आज पडका वाडा किंवा कोकणातले घर म्हटले की तेच छप्पर डोळ्यांपुढे येते. पण १७९० साली ते कौल कोणी पाहिलेलेच नव्हते. त्या काळची कौले कुंभार हाताने घडवी. ती अर्धगोल असत, एकसारखी नसत, आणि नुसती एकावर एक रचलेली असल्याने वारा-पाऊस, माकडे व मांजरे यांच्यामुळे सरकत. म्हणूनच पावसाळ्यापूर्वी घर शाकारणे हे दरसालचे काम होते. गरिबांच्या छपरावर गवत असे.

ही चूक इतकी सहज का होते? उत्तर कॅमेऱ्यात आहे. छायाचित्रणाची कला जगापुढे १८३९ मध्ये आली आणि पुढच्या दोन दशकांत ती मुंबई इलाख्यात रुळली. 'जुना बाजार' म्हणून मनात जे चित्र साठलेले असते, ते बहुधा १८६० ते १९१० या काळातल्या छायाचित्रांनी घडवलेले असते. त्या चित्रात रॉकेलचे कंदील आहेत, मंगळुरी कौले आहेत, पोलादी काड्यांच्या छत्र्या आहेत, गिरणीचे कापड आहे. तपकिरी छटेमुळे ते सगळे एकाच अनादि भूतकाळातले भासते. वास्तविक तो आगगाडीचा आणि गिरण्यांचा काळ होता. सवाई माधवराव पेशव्यांचे पुणे त्या छायाचित्रांच्या अलीकडे नव्हे, पलीकडे होते. पहिला कॅमेरा मुंबईत उतरला तेव्हा १७९० चा बाजार पाहिलेली माणसे बहुतेक मरून गेली होती.

त्यामुळे वस्तू जुनी आहे का, हा प्रश्न येथे फारसा उपयोगाचा नाही. ती येथवर केव्हा आली, कोणत्या वाटेने आली आणि चित्रातल्या त्या विशिष्ट माणसाच्या हातात ती पडू शकली असती का, हे विचारावे लागते.

छत्रीचे उदाहरण या दृष्टीने चांगले आहे. 'छत्र' हा शब्द प्राचीन. राजचिन्ह म्हणून छत्र आणि अब्दागीर पेशवाईत सर्वांना परिचित. परंतु मिटवून काखेत मारता येणारी, पोलादी काड्यांची काळी छत्री हे इंग्लंडमधल्या पोलाद-उद्योगाचे अपत्य आहे. सॅम्युएल फॉक्सच्या पोलादी काड्या १८५२ च्या सुमारास बाजारात आल्या. १७९० च्या माळिणीच्या डोक्यावर पावसात घोंगडीची खोळ असे, किंवा पानांनी विणलेले इरले. खोळ आणि छत्री यांतला फरक नुसत्या रूपाचा नाही. छत्री एका हातात धरावी लागते, तेव्हा माणूस एकहाती होतो. खोळ घेतलेल्या बाईचे दोन्ही हात मोकळे राहतात. ती टोपली उचलते, माप भरते, पोराला सावरते. छत्र्यांनी भरलेला बाजार वरून काळा आणि ताठ दिसतो. खोळींचा बाजार वाकलेला, लोकरीच्या रंगाचा आणि ओल्या घोंगडीच्या वासाचा असतो. म्हणजे चुकीच्या वस्तूबरोबर माणसांच्या उभे राहण्याची ढबही चुकते.

आता कंदील. येथे फसवणूक शब्दाची आहे. 'कंदील' हा अरबी शब्द फार्सीतून मराठीत आला, आणि जुन्या कागदांत तो सापडला की लेखकाला आधार मिळाल्यासारखे वाटते. पण शब्द तोच राहतो आणि त्याच्या पोटातली वस्तू बदलते. काचेची चिमणी, वात वर-खाली करण्याची किल्ली आणि धरायला तारेची कडी असलेला कंदील रॉकेलवर जळतो. रॉकेलचा दिवा १८५० च्या दशकातला. हे तेल हिंदुस्थानात घरोघर पोहोचले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १७९० मध्ये उजेड म्हणजे तिळाचे, करडईचे, कारळ्याचे किंवा करंजाचे तेल आणि वात. देवघरात समई, ओट्यावर पणती, सरदाराच्या पालखीपुढे दिवट्या व मशाली. मोठ्या वाड्यांत काचेच्या हंड्या-झुंबरे होती, पण ती परदेशी आणि महाग.

मग माळीण संध्याकाळी काय पेटवत होती? बहुधा काहीच नाही. भाजी विकून तिला जे मिळे, त्यातले तेलात घालवणे तिला परवडणारे नव्हते. दिवस मावळला की तिचा बाजार मावळे. शिवाय तेव्हाच्या पुण्यात रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यात सापडलेल्या माणसाला कोतवालाचे शिपाई पकडत. १७९० साली कोतवाल होता घाशीराम. त्याचा अंत झाला तो पुढच्या वर्षी, १७९१ मध्ये. अशा शहरात शेकडो कंदिलांनी उजळलेला रात्रीचा भाजीबाजार रंगवणे म्हणजे एका दिव्याच्या चुकीपायी सगळा दिनक्रम उलटा करणे होय. आणि दिवा पेटवायला काडेपेटी नव्हती, हे वेगळे सांगायला नको. घासून पेटणारी काडी इंग्लंडात १८२७ साली विकली जाऊ लागली. पेशवाईत चकमक झाडावी लागे, नाहीतर शेजारच्या चुलीतून निखारा आणावा लागे. विस्तव मागायला शेजारी जाणे हा बोलण्या-बसण्याचाही एक निमित्तप्रसंग होता. काडेपेटीने तो संपवला.

भाजीच्या टोपलीत मात्र दोन्ही बाजूंनी घसरण्याची भीती आहे. टोमॅटो काढून टाकावा, हे उघड आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही हिंदुस्थानात टोमॅटो पिकवला जाई तो मुख्यतः युरोपीय लोकांच्या जेवणासाठी. बटाट्याचे नावच पोर्तुगीज आहे. किनाऱ्यावर त्याची ओळख आधीची, पण पुणे प्रांतात त्याची शेती वाढली ती इंग्रजी अमलात. म्हणून १७९० च्या टोपलीत त्याला जागा देऊ नये. हे एवढे कळले की काही उत्साही मंडळी पुढे सरसावतात आणि अमेरिकेतून आलेले सगळेच हाकलून देतात. मिरचीही त्यांच्या तावडीत सापडते. वास्तविक मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर आली आणि पेशवाईपर्यंत तिने मराठी स्वयंपाकघर जिंकलेले होते. मिरीसारखी तिखट म्हणून मिरची, इतके तिचे नाव घरगुती झाले. तंबाखूचेही तेच. जहांगीर बादशहाने सतराव्या शतकाच्या आरंभी तंबाखूविरुद्ध फर्मान काढले होते, यावरूनच ती किती वेगाने पसरली ते दिसते. तेव्हा उताऱ्यातली हिरवी मिरची राहू द्यावी. तंबाखू, चुना आणि पान विकणाराही हवा. चहावाला नको, आसामात चहाचे मळे उभे राहिले १८३० च्या दशकानंतर, आणि रस्त्यावरचा चहा ही तर विसाव्या शतकाची सवय आहे.

टोपलीविषयी आणखी एक गोष्ट, जी वस्तूंच्या यादीत सापडत नाही. महिना श्रावणाचा आहे. त्यामुळे पडवळ, दोडके, घोसाळी, भेंडी, काकडी, अळू ही पावसाळी भाजी टोपल्यांत भरलेली असणार. चातुर्मास पाळणाऱ्या घरांत वांगी, कांदा, लसूण वर्ज्य; बाजारात ती इतरांसाठी असतीलही, पण सोवळ्यातला आचारी त्यांच्यापुढे थांबणार नाही. चित्रकार बहुधा बारा महिन्यांची सगळी भाजी एकाच टोपलीत भरतो. काळाची चूक दरवेळी शतकाचीच असते असे नाही. ती महिन्याचीही असते.

आता नारळाच्या गाड्या. पुण्याच्या पेठांत बैलगाड्या होत्या. देशावरच्या सपाट मुलखात गाडी जुनीच. पण कोकण आणि पुणे यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे. बोरघाटातून गाड्यांसाठी चांगला रस्ता खुला झाला तो १८३० साली, मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या काळात. त्यापूर्वी घाट चढत होते ते बैल, आणि माल होता त्यांच्या पाठीवर. दोन बाजूंना लोंबणाऱ्या गोणी, पुढच्या बैलाच्या गळ्यात घंटा, मागे वंजाऱ्यांची किंवा इतर बैलवाल्यांची माणसे. पनवेलच्या बाजूचे मीठ, तांदूळ, नारळ असेच वर आले. एका गाडीचा माल वाहायला बैलांचा तांडाच लागतो. त्यासाठी चारा, पाणी आणि मुक्कामाला मोकळी जागा लागते. म्हणून बाजाराच्या कडेला गाड्यांच्या रांगेऐवजी शेण, ओल्या गोणी, उतरवलेली खोगिरे आणि बसलेले बैल दिसायला हवेत.

तेही श्रावणात नव्हे. पावसाळ्यात घाटाच्या वाटा निसरड्या होत, ओढे अडत आणि तांड्यांची ये-जा मंदावे. समुद्रही बंद असे. नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडून कोळी व तांडेल पुन्हा होड्या लोटत, त्या प्रथेमागचे कारण हेच. तेव्हा श्रावणात पुण्याला विकला जाणारा नारळ आदल्या दिवशी कोकणातून निघालेला असू शकत नाही. तो पावसाआधी आणून वखारीत साठवलेला नारळ आहे. हे ध्यानात आले की चित्रात एक नवा माणूस येतो: वैशाखात माल भरून ठेवणारा आणि श्रावणात भाव चढवणारा व्यापारी. बैलगाडी काढल्यामुळे चित्र ओके-बोके होत नाही. त्यात साठेबाजीचा ताण शिरतो.

मागची पार्श्वभूमीही तपासून घ्यावी. आज ज्या अष्टकोनी, मनोऱ्याच्या इमारतीला पुणेकर मंडई म्हणतात, ती १८८० च्या दशकातली. तेव्हा तिचे नाव रे मार्केट होते. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर भरे, असे नेहमी सांगितले जाते, पण ती आठवण पेशवाई बुडाल्यानंतरच्या शहराची आहे. १७९० साली त्या दरवाजाआड पेशवे राहत होते. विश्रामबागवाडा तर दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला. तो चित्रात अजून उभाच राहिलेला नाही. उलट शनिवारवाडा आजच्यासारखा नुसता तट म्हणून दाखवू नये. आतले लाकडी मजले १८२८ च्या आगीत जळाले. १७९० मध्ये ते तटाच्या वर डोकावत होते.

जांभळ्या लुगड्याचा निकाल एका वाक्यात लागतो: तो झगझगीत जांभळा रंग विल्यम पर्किनने १८५६ साली लंडनमध्ये प्रयोगशाळेत अपघाताने बनवला. त्यापूर्वी लाल आणि निळा एकावर एक चढवून जांभळी छटा काढता येई, पण ती खोल व मंद असे. पेशवाईतल्या बाजारात आलेच्या मुळाचा तांबडा, नीळ, हळदीचा पिवळा, कुसुंब्याचा गुलाबी-केशरी आणि बिनरंगी सुताचा मळकट पांढरा यांचे राज्य होते. गर्दीत जितके लोक पांढऱ्या-मळकट वस्त्रात दिसतील, तितके चित्र खरे.

आता वाण्याच्या दुकानापुढे थोडे थांबावे, कारण खरे रहस्य तेथे आहे.

उताऱ्यातला वाणी तांदूळ तोलतो. षट्कोनी लोखंडी वजन हे दशमान पद्धतीचे, म्हणजे १९५६ च्या कायद्यानंतरचे. ते काढून दगडी किंवा पितळी वजन ठेवले की चूक दुरुस्त झाली, असे वाटेल. ती झाली नाही. धान्य तेव्हा तोलत नसत, मापत असत. 'शेर' हा शब्द वजनालाही होता आणि मापालाही, आणि येथेच लेखक फसतो. तांदूळ घ्यायचा तर लाकडी माप भरायचे: चिपटे, त्याच्या दुप्पट मापटे, मग शेर, अधोली, पायली. मापात हाताचे कौशल्य चालते. माप हलवून भरले तर धान्य दाबून बसते आणि जास्त मावते. अलगद ओतले तर पोकळी राहते. वर शीग ठेवायची, की फळीने सपाट करायचे, यावरून दिवसातून दहा भांडणे. शिवाय एका गावचे माप दुसऱ्या गावच्या मापाशी जुळेलच असे नाही. म्हणून कोतवालाच्या कामांत शहरातले भाव म्हणजे निरख पाहणे आणि वजने-मापे तपासणे यांचा समावेश होता.

रुपयाचेही असेच. वाण्याने रुपया न पाहता गल्ल्यात टाकला, हे वाक्य उताऱ्यातले सर्वांत आधुनिक वाक्य आहे. त्यात एकही चुकीची वस्तू नाही; चुकीचा आहे तो विश्वास. एकाच टांकसाळीचे, एकाच वजनाचे, एकाच किमतीचे नाणे सगळीकडे चालते, ही कल्पना कंपनी सरकारने १८३५ मध्ये एकसारखा रुपया काढल्यानंतरची आहे. १७९० च्या पुण्यात अंकुशाची खूण असलेला अंकुशी रुपया होता, चांदवडी होता, इतर टांकसाळींचेही होते. त्यांवर कोणा राजाचा मुखवटा नव्हता. फार्सी अक्षरांत दिल्लीच्या बादशहाचे नाव होते, मग नाणे मराठ्यांच्या मुलखातले का असेना. तांब्याच्या शिवराईवर मात्र देवनागरीत छत्रपतींचे नाव असे. प्रत्येक रुपयाची चांदी, झीज आणि टांकसाळ पाहून सराफ त्याची किंमत ठरवी आणि कमी पडेल तेवढा बट्टा कापून घेई. भाजीसाठी तर रुपया फारच मोठा. तो आधी मोडून तांब्याचे पैसे, आणि त्याहून बारीक व्यवहारासाठी कवड्या घ्याव्या लागत.

ठशाचे माप आणि एकछापी नाणे चित्रात घातले, की सराफ अनावश्यक होतो, कोतवालाचा शिपाई शोभेपुरता उरतो आणि गरीब गिऱ्हाइकाचे दोन ठिकाणी होणारे नुकसान अदृश्य होते. वस्तूची चूक येथे अन्यायावर पडदा टाकते.

हे सगळे पारखायचे कशावर? समकालीन चित्रे आहेत, पण थोडी. १७९० च्या दशकात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात काम करत होता. त्याचा साहाय्यक रॉबर्ट मेबन याने लोकांची रेखाटने केली आणि १७९७ मध्ये कलकत्त्यास ती पुस्तकरूपाने छापली. पुण्याच्याच गंगाराम तांबटाने काढलेली चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही त्याने काढला. अर्थात इंग्रज चित्रकार आपल्या देशातल्या गिऱ्हाइकाला काय आवडेल ते पाहून माणसे मांडतो, हे विसरू नये. चित्रापेक्षा कोरडी पण अधिक प्रामाणिक साक्ष पेशवे दफ्तरातल्या खर्चाच्या मोडी याद्यांची. खर्च लिहिणाऱ्या कारकुनाला देखावा उभा करायचा नव्हता, हिशेब जुळवायचा होता. मोल्सवर्थचा कोशही हाताशी असावा. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. त्यात शब्द सापडला म्हणजे वस्तू १७९० मध्ये होती असे सिद्ध होत नाही, पण शब्दाचा तेव्हाचा अर्थ काय होता हे कळते. आणि ज्या वस्तूविषयी काहीच निश्चित होत नाही, तिला चित्रात आणू नये. बाजार तिच्यावाचून ओस पडत नाही.

राहता राहिली ती 'पाच मिनिटे'. ती कोणाच्या हातात दिसत नाहीत, म्हणून सर्वांत उशिरा सापडतात. मिनिट मोजायला घड्याळ लागते आणि मिनिटाने विचार करायला घड्याळाची सवय लागते. वाण्याच्या गिऱ्हाइकाजवळ होते पळ, घटका आणि प्रहर. घटका म्हणजे आजची चोवीस मिनिटे. निवेदक पात्रांच्या मनातले बोलत असेल, तर त्यानेही तीच मापे वापरावीत. गर्दीला आगगाडीची, हातांना यंत्राची उपमा देणारे वाक्यही याच दाराने आत शिरते.

आता तोच उतारा पुन्हा. श्रावणात पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात दक्षिणेसाठी दूरदूरचे ब्राह्मण पुण्यास जमत. त्यांपैकी एक जण बाजारात आला आहे, असे समजावे.

"पाऊस थांबला होता, पण वळचणी अजून टिपकत होत्या. दोन प्रहर टळून गेले होते. अर्धगोल कौलांच्या एका फटीतून पाणी दुकानातल्या तांदळाच्या कणगीजवळ गळत होते आणि वाण्याचा पोर तेथे परात सरकवत होता. घोंगडीची खोळ मागे टाकून माळीण पडवळाच्या जुड्या उघडत होती.

भटजींनी कनवटीचा रुपया काढून सराफापुढे धरला. सराफाने तो बोटावर तोलला, दगडावर वाजवला, कड पाहिली.

'चांदवडी आहे, शास्त्रीबुवा. त्यातही झिजलेला. बट्टा पडेल.'

'गावी पुरा चालला होता.'

'गावी चालला असेल. येथे अंकुशी मागतात.'

बट्टा कापून हातात आलेल्या शिवराया त्यांनी दोनदा मोजल्या आणि वाण्याकडे वळले. तांदळाचा भाव ऐकून ते थबकले. गेल्या श्रावणात एवढा नव्हता.

'घाट बंद आहे, बुवा,' वाणी म्हणाला. 'हा माल वैशाखातला.'

त्याने मापटे कणगीत बुडवून अलगद वर काढले आणि फळी फिरवली.

'जरा हलवून भर,' भटजी म्हणाले.

वाण्याने ऐकले नाही. पलीकडच्या दुकानापुढे कोतवालाचा शिपाई एका तेल्याचे माप उलटे करून त्याचा बूड ठोकून पाहत होता. वाण्याची नजर तिकडे गेली. त्याने हातातले मापटे पुन्हा कणगीत रिकामे केले, खच्चून भरले, वर शीग ठेवली आणि शास्त्रीबुवांच्या उपरण्यात ओतले."